चिनी भाषेत तुलना कशी करावी: 比 आणि 更 यांच्या वाक्यरचनेचा सविस्तर अभ्यास

चिनी शिकणाऱ्या मराठी माणसाला तुलनेची वाक्ये सोपी वाटतात आणि काही अंशी ती खरोखरच सोपी आहेत. याचे कारण असे की दोन्ही भाषांमध्ये तुलना करताना विशेषणाचे रूप बदलत नाही. आपण ‘पुणे मोठे आहे’ म्हणतो आणि ‘पुणे साताऱ्यापेक्षा मोठे आहे’ असेही म्हणतो, दोन्ही ठिकाणी ‘मोठे’ हा शब्द तसाच राहतो आणि तुलनेचे सगळे काम ‘पेक्षा’ करतो. चिनी भाषेतही हेच घडते. मात्र मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून चिनीत उतरवले तर ते काही ठराविक ठिकाणी हमखास बिघडते. या लेखात ती ठिकाणे एकेक करून पाहायची आहेत. उदाहरणांसाठी चीनमधली तीन शहरे आणि त्यांचा हिवाळा घेतला आहे: उत्तरेकडचे हार्बिन, जिथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे सतरा-अठरा अंशांच्या आसपास असते, बीजिंग, जिथे ते उणे तीनच्या आसपास असते, आणि दक्षिणेकडचे ग्वांगझू, जिथे जानेवारीतही ते तेरा-चौदा अंश असते. एकाच विषयावरची वाक्ये असली म्हणजे रचनेतला फरक पटकन लक्षात येतो.

उच्चारांबद्दल आधी थोडे सांगायला हवे. कीबोर्डवर ही दोन अक्षरे bi आणि geng अशी टाइप करतात, पण रोमन लिपीतला हा b म्हणजे आपला ‘ब’ नव्हे. तो आपल्या ‘प’च्या जवळ जातो आणि g आपल्या ‘क’च्या जवळ जातो. म्हणून 比 चा उच्चार ‘पी’ आणि 更 चा ‘कंग’ असा लिहिला आहे. 比 चा टोन तिसरा, म्हणजे आवाज खाली जाऊन वर येणारा, आणि ‘अधिक’ या अर्थाच्या 更 चा टोन चौथा, म्हणजे वरून झटकन खाली येणारा आहे. हेच अक्षर 更新 (अद्ययावत करणे) यासारख्या शब्दांत पहिल्या टोनमध्ये उच्चारले जाते आणि तिथे त्याचा अर्थ ‘बदलणे’ असा होतो. देवनागरीतले बाकीचे उच्चार जवळपासचे आहेत आणि त्यांत टोन दाखवलेले नाहीत, त्यामुळे प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणण्यापूर्वी शब्दांचे टोन शब्दकोशात पाहून घ्यावेत.

पहिली पायरी: ‘पेक्षा’ उचलून पुढे ठेवणे

मूळ सांगाडा असा आहे: ज्याच्याविषयी बोलायचे ते, मग 比, मग ज्याच्याशी तुलना करायची ते, आणि शेवटी विशेषण.

北京比广州冷。
(पेइचिंग पी क्वांगचोउ लंग)
बीजिंग ग्वांगझूपेक्षा थंड आहे.

मराठी आणि चिनी वाक्य एकाखाली एक ठेवून पाहिले तर दोन शहरांचा क्रम तोच आहे आणि विशेषणही दोन्हीकडे शेवटाकडेच आहे. फरक एवढाच की आपला ‘पेक्षा’ दुसऱ्या शहराच्या मागे चिकटतो, तर 比 त्याच्या आधी येतो. मराठी वाक्य मनात तयार करून त्यातला ‘पेक्षा’ उचलून दुसऱ्या नामाच्या पुढ्यात ठेवला की सांगाडा तयार होतो. इंग्रजीतून चिनी शिकणाऱ्याला विशेषण शेवटी न्यावे लागते, त्याचा सराव त्याला वेगळा करावा लागतो. आपल्याला तो करावा लागत नाही.

या सांगाड्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे ‘आहे’साठी 是 (श) घालायचे नाही. चिनी विशेषण स्वतःच क्रियापदाचे काम करते, त्यामुळे 北京比广州是冷 असे वाक्य होत नाही. दुसरी गोष्ट षष्ठीची. ‘हार्बिनचा हिवाळा बीजिंगच्या हिवाळ्यापेक्षा मोठा असतो’ हे वाक्य आपण बोलताना ‘हार्बिनचा हिवाळा बीजिंगपेक्षा मोठा असतो’ असे आखूड करतो. चिनीतही नाम गाळता येते, पण काळजीपूर्वक लिहिताना 的 (त) ठेवलेला बरा:

哈尔滨的冬天比北京的长。
(हाअर्पिन त तुंगथ्येन पी पेइचिंग त छांग)
हार्बिनचा हिवाळा बीजिंगच्यापेक्षा मोठा असतो.

शेवटचा 的 आपल्या ‘बीजिंगच्या’मधल्या ‘च्या’ची जागा घेतो. बोलताना तो पुष्कळदा गळतो आणि अर्थ संदर्भावरून कळतो. पण वस्तू ‘कोणाची’ याला महत्त्व असेल तेव्हा तो गाळू नये. येथे आणखी एक बारकावा आहे: मराठीत कालावधी आणि आकार दोन्हींसाठी ‘मोठा’ चालतो, चिनीत मात्र कालावधीसाठी 长 (छांग, लांब) हाच शब्द लागतो.

दुसरी पायरी: ‘किती’ हे विशेषणाच्या नंतर सांगणे

मराठी भाषकांच्या चुकांपैकी सर्वांत जास्त चुका याच जागी होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

मराठीत ‘बीजिंग ग्वांगझूपेक्षा खूप थंड आहे’ हे अगदी नैसर्गिक वाक्य आहे. ‘खूप’साठी आपण पहिल्याच धड्यात 很 (हन) शिकलेलो असतो, म्हणून हात आपोआप 北京比广州很冷 असे लिहून जातो. हे वाक्य चुकीचे आहे. 很, 非常 (फेइछांग), 太 (थाय), 真 (चन) असे शब्द एखाद्या गोष्टीचे स्वतःपुरते वर्णन करतात, ती गोष्ट किती थंड आहे एवढेच ते सांगतात. 比 चे वाक्य मात्र दोन गोष्टींमधले अंतर सांगते. म्हणून 比 असलेल्या वाक्यात विशेषणाच्या आधी 很 दिसला की वाक्य चुकले असे समजावे.

अंतर किती आहे ते चिनी भाषा विशेषणाच्या नंतर सांगते. अंतर मोठे असेल तर 得多 (त त्वो) किंवा बोलीत 多了 (त्वो ल) लावतात, आणि थोडे असेल तर 一点儿 (ई त्यार) किंवा 一些 (ई श्ये).

北京比广州冷得多。
(पेइचिंग पी क्वांगचोउ लंग त त्वो)
बीजिंग ग्वांगझूपेक्षा खूपच थंड आहे.

今天比昨天冷一点儿。
(चिनथ्येन पी त्स्वोथ्येन लंग ई त्यार)
आज कालपेक्षा थोडे थंड आहे.

नेमका आकडा सांगायचा असला तरी जागा तीच. मराठीत आकडा विशेषणाच्या आधी येतो: ‘माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे’. चिनीत तो शेवटी जातो आणि आपल्या ‘वर्षांनी’मधल्या ‘नी’साठी वेगळा शब्द लागत नाही:

我哥哥比我大两岁。
(वो ककं पी वो ता ल्यांग स्वेइ)
माझा मोठा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे.

हवामानाचेही तसेच:

哈尔滨一月的平均气温比北京低十五度左右。
(हाअर्पिन ईय्वे त फिंगच्युन छीवन पी पेइचिंग ती श-वू तू त्स्वोयोउ)
हार्बिनचे जानेवारीचे सरासरी तापमान बीजिंगपेक्षा सुमारे पंधरा अंशांनी कमी असते.

या वाक्यात मराठी ‘कमी’साठी 少 (शाव) वापरायचा मोह होतो. 少 हा संख्येने किंवा प्रमाणाने कमी असलेल्या गोष्टींसाठी आहे: माणसे, पैसे, पुस्तके. तापमान, किंमत, पातळी अशा वर-खाली होणाऱ्या गोष्टींसाठी 低 (ती, खालचा) आणि 高 (काव, वरचा) हे शब्द लागतात. शहर थंड म्हणायचे असेल तर 冷, पण तापमानाविषयी बोलताना 低, हा भेदही इथेच पक्का करून घ्यावा.

स्वतःचे वाक्य तपासण्याची सोपी रीत अशी: 比 पासून विशेषणापर्यंतचा भाग बोटाने झाका आणि विशेषणापासून पुढे वाचा. ‘किती’ सांगणारा शब्द तिथे सापडला तर जागा बरोबर आहे. तो झाकलेल्या भागात असेल तर तो उचलून शेवटी न्यावा.

तिसरी पायरी: 更 कधी वापरावा

‘जास्त थंड’ म्हणताना ‘जास्त’साठी एखादा शब्द हवाच, असे मराठी मनाला वाटते आणि विद्यार्थी प्रत्येक तुलनेत 更 घालू लागतो. 比 च्या वाक्यात ‘जास्त’ आधीच आलेले असते, त्यामुळे 更 घालण्याची गरज नसते. तो घातला की वाक्याला एक वेगळा अर्थ येतो.

更 सांगतो की ज्याच्याशी तुलना होते आहे, त्याच्यातही तो गुण मुळातच आहे, आणि पहिल्यात तो त्याहूनही अधिक आहे. म्हणून हार्बिन आणि बीजिंगबद्दल हे वाक्य अगदी योग्य आहे:

哈尔滨比北京更冷。
(हाअर्पिन पी पेइचिंग कंग लंग)
हार्बिन बीजिंगपेक्षाही थंड आहे.

बीजिंग थंड आहेच, हार्बिन त्याच्याही पुढे गेले. आता हीच रचना बीजिंग आणि ग्वांगझूसाठी वापरून पाहा: 北京比广州更冷. व्याकरणाच्या दृष्टीने ते मोडत नाही, पण ऐकणाऱ्याला ते खटकते, कारण त्यातून ग्वांगझूही थंड शहर आहे असा अर्थ निघतो आणि ज्याला ग्वांगझूचा हिवाळा ठाऊक आहे त्याला ते पटत नाही. तिथे साधा 北京比广州冷 पुरतो. मराठीत ‘पेक्षा’ला ‘ही’ जोडून ‘पेक्षाही’ म्हणता येत असेल तरच 更 घालावा, ही कसोटी बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते. ‘बीजिंग ग्वांगझूपेक्षाही थंड’ हे मराठीतही विचित्र वाटते आणि त्याचे कारण तेच आहे.

更 चा दुसरा मोठा उपयोग 比 शिवाय होतो. ज्याच्याशी तुलना करायची ते आधीच्या वाक्यात येऊन गेले असेल, तर ते पुन्हा सांगण्याची गरज राहत नाही:

北京的冬天很冷，哈尔滨的冬天更冷。
(पेइचिंग त तुंगथ्येन हन लंग, हाअर्पिन त तुंगथ्येन कंग लंग)
बीजिंगचा हिवाळा खूप थंड असतो, हार्बिनचा त्याहूनही थंड.

या वाक्यात 很 आणि 更 दोन्ही आले आहेत, पण वेगवेगळ्या भागांत. पहिल्या भागात 比 नाही, तिथे फक्त वर्णन आहे, म्हणून 很 चालतो.

दोन बंधने लक्षात ठेवावीत. 更 आणि नेमका आकडा एकाच विशेषणाला लावत नाहीत, 更冷十五度 असे होत नाही. तसेच 更 बरोबर 得多 येत नाही. कारण उघड आहे: ‘किती’ हा प्रश्न 更 ने आधीच मोघमपणे सोडवलेला असतो, त्याच जागी दुसरे माप ठेवता येत नाही. 一些 मात्र चालतो, 更冷一些 म्हणजे ‘आणखी थोडे थंड’.

更 च्या जागी 还 (हाय) हा शब्दही वारंवार ऐकू येतो: 哈尔滨比北京还冷. अर्थ जवळजवळ तोच, पण 还 मध्ये बोलणाऱ्याचे थोडे आश्चर्य असते. हा बदल 比 असलेल्या वाक्यातच करावा. 比 नसेल तर 还冷 या शब्दांचा अर्थ ‘अजूनही थंड आहे’ असा होतो आणि तुलना नाहीशी होते.

चौथी पायरी: ‘इतके नाही’ आणि ‘पेक्षा नाही’

‘कमी’ दाखवण्यासाठी चिनी भाषा विशेषणाला ‘कमी’ हा शब्द जोडत नाही. 少冷 हे शब्दच होत नाहीत. मराठीतही आपण ‘ग्वांगझू कमी थंड आहे’पेक्षा ‘ग्वांगझू बीजिंगइतके थंड नाही’ असेच सहज म्हणतो, आणि चिनीत नेमकी हीच रचना आहे. तिच्यासाठी 没有 (मेइयोउ) वापरतात:

广州没有北京冷。
(क्वांगचोउ मेइयोउ पेइचिंग लंग)
ग्वांगझू बीजिंगइतके थंड नाही.

विशेषणाच्या आधी 那么 (नामं, तितके) किंवा जवळच्या गोष्टीसाठी 这么 (चमं, इतके) घालता येतो: 广州没有北京那么冷. अर्थ बदलत नाही, वाक्य थोडे मोकळे वाटते.

比 च्या आधी 不 (पू) लावून 不比 असेही म्हणता येते, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. मराठीने हा फरक आधीच शिकवून ठेवला आहे. ‘आज कालइतके थंड नाही’ म्हणजे आज थंडी कमी आहे. ‘आज कालपेक्षा थंड नाही’ म्हणजे थंडी वाढलेली नाही, ती तेवढीच असेल किंवा कमी असेल. पहिल्याला 没有, दुसऱ्याला 不比:

今天没有昨天冷。
(चिनथ्येन मेइयोउ त्स्वोथ्येन लंग)
आज कालइतके थंड नाही.

今天不比昨天冷。
(चिनथ्येन पू पी त्स्वोथ्येन लंग)
आज कालपेक्षा थंड आहे असे नाही.

दुसरे वाक्य बहुतेक वेळा कुणाचे तरी म्हणणे खोडताना येते: कोणी तरी ‘आज जास्तच थंडी आहे’ म्हटले आणि आपण ‘नाही, तसे काही नाही’ म्हणतो. नुसते ‘कमी आहे’ सांगायचे असेल तर 没有 घ्यावा. परदेशी विद्यार्थी 不比 चा अतिवापर करतात, कारण 不 लावून नकार करणे सोपे वाटते, आणि मग समोरच्याला आपण वाद घालतो आहोत असे वाटू शकते.

没有 च्या वाक्यात अंतराचे माप येत नाही. ‘ग्वांगझू बीजिंगइतके थंड नाही’ या मराठी वाक्यातही ‘सतरा अंशांनी’ बसवता येत नाही. आकडा किंवा ‘खूप’ सांगायचेच असेल तर विशेषण उलटे करून पुन्हा 比 कडे यावे:

广州比北京暖和得多。
(क्वांगचोउ पी पेइचिंग न्वानह्वो त त्वो)
ग्वांगझू बीजिंगपेक्षा बरेच उबदार आहे.

याच जागी 不如 (पू-रू) हा शब्दही भेटतो. ‘अमुक तमुकाच्या तोडीचे नाही’ असा त्याचा अर्थ असून त्याच्या पाठोपाठ सहसा चांगला गुण येतो. 这个不如那个好 म्हणजे ‘हे त्याच्याइतके चांगले नाही’. नुसते 我不如他 म्हटले तरी ‘मी त्याच्या तोडीचा नाही’ असा पूर्ण अर्थ होतो, 没有 ला ते जमत नाही.

पाचवी पायरी: बरोबरी

‘एवढाच’, ‘तितकाच’ या अर्थासाठी 比 पूर्णपणे बाजूला ठेवायचा आणि 跟 (कन) किंवा 和 (ह) घेऊन विशेषणाच्या आधी 一样 (ईयांग, सारखे) ठेवायचे:

今天跟昨天一样冷。
(चिनथ्येन कन त्स्वोथ्येन ईयांग लंग)
आज कालच्याइतकेच थंड आहे.

विशेषण काढून टाकले तर 今天跟昨天一样 म्हणजे ‘आज कालसारखेच आहे’ एवढेच उरते. 比 फरकाचा शब्द आहे आणि 一样 समानतेचा, म्हणून दोघे एका वाक्यात नांदत नाहीत. 很一样 असेही म्हणत नाहीत. ‘अगदी सारखे’ साठी 完全一样 (वान-छ्वेन ईयांग) आणि ‘जवळजवळ सारखे’ साठी 差不多一样 (छा-पू-त्वो ईयांग) म्हणावे. 不一样 चा अर्थ ‘वेगळे’ एवढाच होतो, कोण जास्त आणि कोण कमी ते त्यातून कळत नाही.

बरोबरीचा प्रश्न विचारताना 有 (योउ) उपयोगी पडतो, आणि तो 没有 चा सकारात्मक जोडीदार असल्याने लक्षात ठेवायला सोपा जातो:

北京有哈尔滨那么冷吗？
(पेइचिंग योउ हाअर्पिन नामं लंग मा)
बीजिंग हार्बिनइतके थंड असते का?

उत्तर नाही असेल तर 没有 एवढे एकच पुरते.

सहावी पायरी: क्रियापद आणि आवड

‘तो माझ्यापेक्षा जलद धावतो’ यात तुलना क्रियेच्या रीतीची आहे. चिनीत क्रियापद, मग 得 (त), मग रीत सांगणारे विशेषण असा क्रम असतो आणि 比 चा भाग क्रियापदाच्या आधी किंवा 得 च्या नंतर, दोन्ही ठिकाणी बसतो:

他比我跑得快。/ 他跑得比我快。
(था पी वो फाव त ख्वाय / था फाव त पी वो ख्वाय)

दोन्ही सारखेच बरोबर आहेत. वाक्यात कर्मही असेल तर एक रचना कायमची धरून ठेवावी, 她汉语说得比我好 (था हानयू श्वो त पी वो हाव, ती माझ्यापेक्षा चांगले चिनी बोलते), म्हणजे गोंधळ होत नाही.

लवकर, उशिरा, जास्त, कमी हे चार शब्द मात्र वेगळे वागतात. 早 (त्साव), 晚 (वान), 多 (त्वो), 少 (शाव) क्रियापदाच्या आधी येतात आणि माप क्रियापदानंतर:

今天我比昨天多穿了一件毛衣。
(चिनथ्येन वो पी त्स्वोथ्येन त्वो छ्वान ल ई च्येन माव-ई)
आज मी कालपेक्षा एक स्वेटर जास्त घातला.

आता आवडीचे वाक्य पाहू. यात मराठी ‘पेक्षा’ आपल्याला सर्वांत वाईट रीतीने फसवतो. ‘मला बीजिंगपेक्षा ग्वांगझू अधिक आवडते’ हे वाक्य 我比北京喜欢广州 असे लिहिले तर त्याचा अर्थ ‘बीजिंगला ग्वांगझू जितके आवडते त्यापेक्षा ते मला जास्त आवडते’ असा निघतो, कारण 比 ज्याच्या मागे येतो त्या कर्त्याचीच तुलना करतो. इथे तुलना कर्त्यांची नसून आवडत्या गोष्टींची आहे. त्यासाठी 比起 (पी-छी) ने दुसरी गोष्ट वाक्याच्या सुरुवातीला बाजूला काढतात आणि मुख्य वाक्यात 更 ठेवतात:

比起北京，我更喜欢广州。
(पी-छी पेइचिंग, वो कंग शीह्वान क्वांगचोउ)
बीजिंगच्या तुलनेत मला ग्वांगझू अधिक आवडते.

‘शंभरपेक्षा जास्त’ आणि ‘दुप्पट’

मराठीत ‘शंभरपेक्षा जास्त माणसे’ म्हणतानाही ‘पेक्षा’ येतो, म्हणून विद्यार्थी 比一百多 लिहितात. आकड्याशी अशी तुलना करताना 比 वापरत नाहीत. ‘शंभराहून थोडी जास्त’ असेल तर 一百多个人 (ई-पाय त्वो क रन), मर्यादा ओलांडली हे सांगायचे असेल तर 超过一百人 (छाव-क्वो ई-पाय रन), आणि ‘शंभरपेक्षा कमी’ साठी 不到一百人 (पू-ताव ई-पाय रन).

पटींमध्ये चूक महागात पडते, विशेषतः किमती सांगताना. ‘दुप्पट’साठी 是…的两倍 (ल्यांग पेइ) म्हणतात, पण तीच गोष्ट 比 ने सांगायची तर 贵一倍 (क्वेइ ई पेइ, एका पटीने महाग) असे म्हणावे लागते, कारण 比 फक्त वाढलेला भाग मोजतो. मूळ किंमत शंभर असेल तर 贵一倍 म्हणजे दोनशे आणि 贵两倍 म्हणजे नेमक्या हिशेबाने तीनशे.

एक परिच्छेद रचून पाहू

समजा आपल्याला हे मराठी टिपण चिनीत लिहायचे आहे: ‘बीजिंगचा हिवाळा थंड असतो, पण हार्बिनचा त्याहूनही थंड. जानेवारीत हार्बिनचे सरासरी तापमान बीजिंगपेक्षा सुमारे पंधरा अंशांनी कमी असते. ग्वांगझू बीजिंगइतके थंड नाही. माझा मित्र हार्बिनला राहतो, तो माझ्यापेक्षा दोन स्वेटर जास्त घालतो. मला हार्बिनपेक्षा ग्वांगझू अधिक आवडते.’

पहिल्या वाक्यात ‘त्याहूनही’ आहे आणि तुलनेची वस्तू आधी येऊन गेली आहे, म्हणून 比 नको, नुसता 更 हवा. दुसऱ्यात आकडा आहे, म्हणून 比 हवा, 更 नको, आकडा शेवटी, आणि तापमान असल्याने 低. तिसऱ्यात ‘इतके नाही’ म्हटले की 没有. चौथ्यात ‘जास्त’ क्रियापदाच्या आधी जाईल आणि ‘दोन स्वेटर’ नंतर. पाचव्यात दोन शहरे आवडीच्या बाजूला आहेत आणि कर्ता एकच आहे, म्हणून 比起 आणि 更. सगळे मिळून असे होते:

北京的冬天很冷，哈尔滨的冬天更冷。哈尔滨一月的平均气温比北京低十五度左右。广州没有北京冷。我的朋友住在哈尔滨，他比我多穿两件毛衣。比起哈尔滨，我更喜欢广州。

आता मराठी टिपणात जिथे जिथे ‘पेक्षा’ आहे त्या जागा मोजून चिनी परिच्छेदातल्या 比 शी ताडून पाहाव्यात. मराठीत तो तीनदा आला आहे. चिनीत दोन ठिकाणी साधा 比 आला आणि तिसऱ्या ठिकाणी 比起. उलट 更 दोनदा आला आहे: पहिल्या वाक्यात तो ‘त्याहूनही’बद्दल आहे, शेवटच्या वाक्यात ‘अधिक’बद्दल. चौथ्या वाक्यात मराठीत ‘जास्त’ असूनही 更 आलेला नाही, कारण तिथे दोन स्वेटरांचे माप दिलेले आहे आणि ‘जास्त’चे काम 多 करतो. स्वतःचा परिच्छेद लिहिल्यावर याच रीतीने प्रत्येक ‘पेक्षा’, ‘जास्त’ आणि ‘अधिक’ कुठे गेला ते शोधावे. ज्या 更 चे उत्तर ‘पेक्षाही’, ‘त्याहूनही’ किंवा आवडीचे ‘अधिक’ यांपैकी काहीच नसेल, तो खोडून वाक्य पुन्हा वाचावे.